शिफारसपत्र हे विशेषणांचे नव्हे, कामाचे पत्र

प्रशिक्षणाची मुदत संपवून निघालेल्या इंटर्नला पर्यवेक्षकाने द्यायच्या शिफारसपत्राविषयी कार्यालये, प्रयोगशाळा आणि सर्वेक्षण संस्था यांत एक मत इतके घट्ट रुजले आहे की त्याला कोणी मत म्हणतच नाही, ती रीतच समजली जाते. ते मत असे की शिफारसपत्र हा निरोपाचा उपचार आहे. त्यात मेहनती, प्रामाणिक, होतकरू, शिस्तप्रिय असे चार चांगले शब्द घालावेत, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा द्याव्यात आणि सही-शिक्का करून मोकळे व्हावे. दोन महिन्यांच्या उमेदवाराने तपशिलात लिहावे असे काम केलेलेच नसते. केले असले तरी ते वाचायला कोणाला वेळ नसतो. उणीव लिहिली तर पोराचे नुकसान होते. आणि मजकूर त्यानेच लिहून आणला तर साहेबांचा वेळ वाचतो, अशी या मताची चार अंगे आहेत. ही चारही अंगे चुकीची आहेत आणि त्यांचा फटका ज्याच्या भल्यासाठी ती पुढे केली जातात त्या विद्यार्थ्यालाच सर्वांत आधी बसतो, हे येथे दाखवायचे आहे.

प्रथम दोन कागदांतला फरक नीट ठरवला पाहिजे, कारण बराचसा घोळ तेथूनच सुरू होतो. प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र एवढेच सांगते की अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत संस्थेत होती आणि तिने ठरलेली मुदत पूर्ण केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला श्रेयांक मिळू लागले, आणि त्या श्रेयांकांसाठी महाविद्यालयाला लागतो तो हा हजेरीचा पुरावा. शिफारसपत्र ही वेगळी वस्तू आहे. त्यात पर्यवेक्षक आपला निर्णय नोंदवतो आणि तो निर्णय कशाच्या आधारे केला हे सांगतो. पुढे नोकरी, शिष्यवृत्ती किंवा संशोधनाची जागा देणाऱ्याला तो आधार तपासायचा असतो. प्रमाणपत्राला विशेषणे जोडली की शिफारसपत्र होत नाही. विशेषणे जोडलेले प्रमाणपत्र तेवढे होते. ज्या पत्रातून विद्यार्थ्याचे नाव काढून दुसऱ्या कोणाचेही नाव घातले तरी एक अक्षर बदलावे लागत नाही, ते पत्र कोणाची शिफारस करते?

पहिला आक्षेप असा की इंटर्नचे काम लहानसहान असते, त्यात उल्लेख करण्याजोगे काही नसते. हा आक्षेप बहुधा ज्याने काम जवळून पाहिलेले नाही तोच घेतो. त्याची शहानिशा करण्यासाठी भूजल सर्वेक्षणातील एक स्थिती उदाहरण म्हणून घेता येईल. ती कल्पित आहे, पण तिच्यातील प्रत्येक अडचण अशा कामात नेहमी येणारी आहे. भूशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आठ आठवड्यांसाठी एका पाणलोट क्षेत्राच्या अभ्यासात दाखल झाली आहे. क्षेत्र दख्खनच्या बेसाल्ट खडकाचे, म्हणजे महाराष्ट्राच्या बहुतेक भूभागासारखेच आहे, आणि तिच्याकडे चौसष्ट विहिरींची पाणीपातळी मोजून पाण्याच्या खोलीचा नकाशा तयार करण्याचे काम आहे. रूढ पद्धतीचे पत्र या कामाविषयी म्हणेल : ‘विहिरींच्या सर्वेक्षणात मोलाचे साहाय्य केले.’ प्रत्यक्षात काय घडले ते मात्र या वाक्यात कोठेच नाही.

विहिरीची पातळी मोजताना टेप सोडला जातो तो बहुधा कठड्याच्या वरच्या कडेवरून, कारण तेथे उभे राहणे सोपे आणि सुरक्षित असते. नकाशासाठी मात्र पाणी जमिनीपासून किती खाली आहे हे लागते, म्हणून मोजलेल्या अंतरातून कठड्याची उंची वजा करावी लागते. कठड्यापासून पाणी ८.४० मीटरवर असेल आणि कठडा ०.९० मीटर उंच असेल, तर पाणी जमिनीखाली ७.५० मीटरवर असते. हे गणित शाळेतले आहे, पण चूक गणितात होत नाही, ती नोंदीत होते. क्षेत्रवहीत कठड्याच्या उंचीचा रकाना अकरा विहिरींपुढे कोरा राहिला होता आणि संगणकावरील तक्त्याने कोऱ्या रकान्याला शून्य मानून वजाबाकी केली होती. त्यामुळे त्या अकरा विहिरींचे पाणी प्रत्यक्षापेक्षा साठ सेंटिमीटरपासून एक मीटर दहा सेंटिमीटरपर्यंत खोल दिसू लागले.

नकाशावर याचा परिणाम ठळक होता. समान खोलीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषा एकेका मीटरच्या अंतराने काढल्या तेव्हा एका वस्तीभोवती आठ मीटरची बंद रेषा तयार झाली, म्हणजे तेथे पाण्याची पातळी आजूबाजूपेक्षा खचल्याचे चित्र उमटले. असा खळगा दिसला की त्याचा सरळ अर्थ अतिउपसा असा लावला जातो आणि अहवालात तसे वाक्य पडले की त्या वस्तीला नवीन विहिरीची परवानगी देण्याबाबत हात आखडता घेतला जातो. विद्यार्थिनीने तो अर्थ लगेच स्वीकारला नाही. तिच्या लक्षात आले की खळग्यातल्या जवळजवळ सगळ्या विहिरी नव्याने बांधलेल्या, उंच पक्क्या कठड्याच्या आहेत आणि त्यांच्या शेजारच्या, जमिनीसरशा तोंडाच्या जुन्या विहिरींत पाणी सव्वासात ते साडेसात मीटरवर आहे. तेथली जमीन जवळपास सपाट आणि खडकाचा थर एकच असताना शे-दीडशे मीटरच्या अंतरात पातळीत इतका फरक का पडावा, हा प्रश्न तिने क्षेत्रवही पुन्हा उघडून सोडवला.

त्यानंतर तिने कोरे रकाने अंदाजाने भरले नाहीत. ती त्या अकरा विहिरींवर परत गेली, कठड्यांची उंची मोजली आणि वजाबाकी नव्याने केली. अकरापैकी नऊ विहिरी शेजारच्या आकड्यांशी जुळल्या. दोन जुळल्या नाहीत. त्यांपैकी एकीत कठड्यापासूनचे अंतर ९.१० मीटर होते आणि ०.७५ मीटर वजा केल्यावरही पाणी ८.३५ मीटरवर राहिले. पंप नुकताच चालला असेल तर पातळी तात्पुरती खाली गेलेली असते, म्हणून रात्रभर मोटर बंद ठेवायला सांगून तिने पहाटे दोन्ही विहिरी पुन्हा मोजल्या, आणि फरक कायम असल्याचे पाहून अहवालात लिहिले की या दोन ठिकाणी पातळी खरोखर खोल आहे, कारण अद्याप निश्चित झालेले नाही, जवळच्या खोल बोअरवेलची तपासणी करावी. हे शेवटचे वाक्य या सगळ्या कामातले सर्वांत परिपक्व वाक्य आहे, कारण जिथे माहिती संपते तिथे थांबणे भल्याभल्या अनुभवी माणसांना जमत नाही.

हे काम लहान आहे, असे कोण म्हणेल? हिशेबाने ते एका वजाबाकीइतके आहे, पण एका वस्तीविषयीचा चुकीचा निष्कर्ष त्यामुळे टळला. इंटर्नला मोठे काम दिलेले नसते हे खरे असले तरी त्याने मोठे काम केले का, हा प्रश्नच शिफारसपत्रात गैरलागू आहे. दिलेल्या कामात अनपेक्षित काही समोर आले तेव्हा तो कसा वागला, हे वाचणाऱ्याला जाणून घ्यायचे असते, आणि ते कठड्याच्या उंचीएवढ्या लहान गोष्टीतून जितके स्वच्छ दिसते तितके मोठ्या प्रकल्पाच्या नावातून कधीच दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की वाचणाऱ्याला तपशील नको असतात, त्याला एकंदर मत हवे असते आणि चांगल्या विशेषणांतून ते पोचते. विशेषण हे मत असते खरे, पण त्याचे मूल्य देणाऱ्याच्या सवयीवर ठरते. जो पर्यवेक्षक प्रत्येकाला ‘उत्कृष्ट’ लिहितो त्याचे ‘उत्कृष्ट’ कोणालाच काही सांगत नाही, आणि जो क्वचितच ‘चांगला’ लिहितो त्याच्या ‘चांगला’ या शब्दाचे वजन अनोळखी वाचकाला कळणे शक्य नाही. सगळीकडे विशेषणे फुगली की शब्दांच्या खाली दुसरी, गुप्त भाषा तयार होते, आणि जर्मनी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील व्यवसाय संहितेच्या १०९व्या कलमानुसार नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला लेखी कार्यपत्र मागण्याचा हक्क आहे आणि ते पत्र स्पष्ट व समजेल अशा भाषेत असावे, शब्दांतून दिसतो त्याहून वेगळा अर्थ पोचवणारी रचना त्यात नसावी, असे बंधन आहे. हे बंधन घालावे लागले यातच परिस्थितीचे वर्णन आहे. पत्र खरे असावे आणि सदिच्छेचेही असावे अशी दुहेरी अपेक्षा असल्याने तेथे समाधानाच्या वाक्यांची एक श्रेणीच रूढ झाली आहे : कर्मचाऱ्याने काम ‘सदैव आमच्या परिपूर्ण समाधानाइतके’ केले म्हणजे अत्युत्तम, आणि नुसते ‘आमच्या समाधानाइतके’ केले म्हणजे जेमतेम. संकेत ठाऊक नसलेला माणूस दुसरे वाक्य वाचून आनंदित होईल.

मराठी मुलखातही असा संकेत अलिखित स्वरूपात चालतोच. ‘वागणूक समाधानकारक’ या शब्दांपुढे कामाविषयी काहीच नसेल तर अनुभवी वाचक त्या मौनाचा अर्थ लावतो आणि तो अर्थ नेहमी विद्यार्थ्याच्या विरुद्ध जातो, मग प्रत्यक्षात पर्यवेक्षकाला केवळ लिहिण्याचा कंटाळा आलेला का असेना. शिवाय विशेषणे निवडताना माणसाच्या मनातले ग्रह त्याच्या नकळत काम करतात. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन प्सेंका यांनी २००३ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकपदांसाठी आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्त्रियांसाठीची पत्रे सरासरीने आखूड होती, शंका उत्पन्न करणारे शब्द त्यांत अधिक होते आणि स्त्रियांच्या कष्टाळूपणाचा उल्लेख पुरुषांच्या तुलनेत जास्त वेळा आला होता. भूजलाच्या उदाहरणातील विद्यार्थिनीलाही ‘मेहनती’ हाच शब्द मिळाला असता, आणि तिच्या कामाचा गाभा असलेली चिकित्सा त्या शब्दाखाली गाडली गेली असती. अकरा विहिरींची हकीकत लिहिली की विशेषण निवडण्याची वेळच येत नाही. वाचणारा आपले विशेषण स्वतः ठरवतो आणि स्वतः ठरवलेल्या विशेषणावर त्याचा विश्वास बसतो.

याच ठिकाणी प्रतिपक्ष एक आकडा पुढे करू शकतो. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये कर्मचारी निवडीच्या पद्धतींवरील पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा पूर्वीच्या वरिष्ठांकडून घेतलेल्या अभिप्रायाचा पुढील कामगिरीशी संबंध ०.२६ इतकाच दिसला, तर प्रत्यक्ष कामाच्या नमुना चाचणीचा ०.५४ इतका दिसला. या मोजपट्टीवर शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध. यावरून शिफारसपत्रे निरुपयोगी आहेत, म्हणून त्यांवर श्रम करू नयेत, असा निष्कर्ष काढणे उलट्या दिशेने चालणे आहे. हा आकडा अभिप्राय जसे सरसकट दिले जातात तशा अभिप्रायांचा आहे, आणि त्याच तक्त्यात वरचे स्थान कामाच्या नमुन्याला मिळाले आहे. प्रत्यक्ष केलेल्या कामाचे तपशीलवार वर्णन असलेले पत्र नमुना चाचणीची जागा घेणार नाही, हे मान्य. पण आठ आठवडे चाललेल्या कामाचा नमुना वाचणाऱ्यापर्यंत पोचवण्याचा दुसरा मार्ग कोणता आहे?

तिसरा आक्षेप सर्वांत सहृदय दिसतो, आणि म्हणूनच तो सर्वांत घातक आहे. उणीव लिहू नये, कारण एका वाक्याने मुलाचे वर्ष बुडेल, असे तो सांगतो. येथे उणीव आणि मर्यादा या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. वरील उदाहरणातील विद्यार्थिनी पंपिंग चाचणीच्या वेळी हजर होती. पंपिंग चाचणी म्हणजे ठरावीक दराने उपसा करून पातळी किती वेळात किती उतरते आणि उपसा थांबल्यावर किती वेळात भरून येते हे मोजण्याची, खडकाची पाणी देण्याची क्षमता ठरवणारी चाचणी. तिने त्यात घड्याळ धरून वाचने नोंदवली. चाचणीची आखणी केली नाही आणि आकड्यांचे विश्लेषणही केले नाही. पत्रात ‘पंपिंग चाचण्यांचा अनुभव’ असे लिहिले तर पुढची संस्था पहिल्याच आठवड्यात तिच्यावर एकटीने चाचणी घेण्याची जबाबदारी टाकेल, आणि त्या दिवशी तिची जी फजिती होईल ती या सहृदय वाक्याने ओढवलेली असेल. ‘चाचणीत वाचने नोंदवण्याचे काम केले, विश्लेषण अद्याप शिकायचे आहे’ असे लिहिल्याने तिचे काहीच बिघडत नाही. उलट बाकीच्या विधानांना वजन येते, कारण जो लेखक जे झाले नाही तेही सांगतो, त्याने जे झाले म्हणून सांगितले त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

खरी उणीव असेल तर तीही कामाच्या ओघात, तिच्या दुरुस्तीसह लिहिता येते. पहिल्या दोन आठवड्यांत या विद्यार्थिनीने मोजणीची वेळ आणि शेवटचा पंप केव्हा चालला होता याची नोंद ठेवली नव्हती, त्यामुळे सुरुवातीच्या काही पातळ्या पुन्हा मोजाव्या लागल्या. चूक दाखवल्यावर तिने क्षेत्रवहीत त्यासाठी दोन रकाने आखले आणि पुढे एकही नोंद त्याशिवाय केली नाही. ‘नोंदी ठेवण्यात हयगय’ असा शेरा मारणे हा अन्याय ठरेल, कारण तो सुधारणेची बाजू लपवतो. काहीच न लिहिणे हाही अन्यायच आहे, कारण सांगितलेली चूक एकदाच करून ती कायमची मोडून काढणे हा तिचा मोठा गुण आहे आणि चूक लपवली की तो गुणही लपतो. मात्र जी बाब कामाशी संबंधित नाही, म्हणजे तब्येत, घरची परिस्थिती, लग्न, बोलण्याची ढब, तिला या पत्रात जागा नाही. शिफारस ज्या कामासाठी मागितली आहे त्याच्याशी जुळणारी आणि स्वतः पाहिलेली गोष्टच लिहावी, ही मर्यादा पाळली तर ‘उणीव लिहावी का’ हा प्रश्न बराचसा सुटतो.

कायद्याची भीतीही याच आक्षेपाच्या पोटात असते. तपशील दिला तर अंगलट येईल आणि गोलमोल लिहिले तर सुरक्षित राहू, असे अनेक कार्यालयांत मानले जाते. ब्रिटनमध्ये १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने स्प्रिंग या विमा विक्रेत्याच्या खटल्यात असा निर्णय दिला की अभिप्राय लिहिणाऱ्या मालकाने, ज्याच्याविषयी तो लिहितो त्या माणसाप्रतीही वाजवी काळजी घेतली पाहिजे. त्या प्रकरणात अभिप्रायात स्प्रिंग यांच्या सचोटीवर ठपका ठेवण्यात आला होता, आणि लिहिणाऱ्यांनी तो नीट चौकशी न करता ठेवला, हा दोष होता. भारतीय न्यायालयांवर हा निर्णय बंधनकारक नाही, पण त्यातला तर्क कोठेही लागू पडतो. चारित्र्याविषयी विधान करणे धोक्याचे आहे, कारण ते सिद्ध करणे अवघड असते. अकरा विहिरींच्या कठड्यांची उंची पुन्हा मोजली हे विधान धोक्याचे नाही, कारण क्षेत्रवही आणि नकाशाच्या दोन्ही आवृत्त्या ते सिद्ध करतात. सुरक्षितता हवी असेल तर ती तपशिलात मिळते. संस्थेचे आकडे गोपनीय असतील तर गावाचे आणि शेतमालकाचे नाव गाळावे, मोजमापे ढोबळ करावीत, पण काय घडले ते लिहावे. कोणत्याही गोपनीयतेच्या करारात विद्यार्थ्याने विचार कसा केला हे लपवण्याची अट नसते.

चौथा आणि सर्वांत प्रचलित युक्तिवाद वेळेचा आहे. पर्यवेक्षकाला वेळ नसतो, म्हणून विद्यार्थ्याने मजकूर लिहून आणावा आणि पर्यवेक्षकाने सही करावी. या रीतीने विद्यार्थी स्वतःचा साक्षीदार होतो. तो बिचारा करणार काय? स्वतःची स्तुती ठोसपणे करायला त्याला संकोच वाटतो, म्हणून तो मित्राचे पत्र समोर ठेवून तीच विशेषणे उतरवतो, किंवा संकोच बाजूला ठेवून न केलेल्या गोष्टीही केल्या म्हणून लिहितो. दोन्ही प्रकारांत पर्यवेक्षकाची सही खोटी ठरते. एकाच संस्थेतून आलेल्या तीन पत्रांत तीच वाक्ये त्याच क्रमाने दिसली की वाचणाऱ्याला हे लगेच कळते. पत्रातील मजकुरात पर्यवेक्षकाने स्वतः पाहिलेला एकही प्रसंग नसणे ही तर त्याहून पक्की खूण आहे.

वेळेची अडचण खरी असली तरी तिचा उपाय वेगळा आहे. विद्यार्थ्याने मजकूर न आणता कामाची यादी आणावी : कोणते काम, कोणत्या तारखांना, त्याचा कागद किंवा फाईल कोठे आहे, आणि त्यात कोणाची मदत झाली. पर्यवेक्षकाने त्या यादीतून दोन गोष्टी निवडाव्यात, त्यांचे कागद उघडून खातरजमा करावी आणि निर्णयाचा भाग स्वतः लिहावा. ज्याने प्रशिक्षण चालू असताना दर आठवड्याला वहीत दोन ओळी टिपून ठेवल्या असतील त्याला हे पत्र लिहायला अर्धा-पाऊण तास पुरतो. ज्याच्याकडे अशा ओळी नाहीत आणि ज्याला एकही प्रसंग आठवत नाही, त्याने वेळ नाही म्हणण्याऐवजी आपण काम पाहिलेच नाही हे मान्य करावे आणि फक्त प्रमाणपत्र द्यावे. ज्याने क्षेत्रात विद्यार्थ्याबरोबर फिरून काम पाहिले त्या सहायकाला पत्र लिहू देणे हे वरिष्ठाच्या हुद्द्याखाली सही केलेल्या पोकळ पत्रापेक्षा केव्हाही अधिक उपयोगी आहे.

असे पत्र लांबलचक होते, हा गैरसमज दूर करण्यासाठी त्याचा मुख्य परिच्छेद कसा असू शकतो ते पाहावे :

‘सदर विद्यार्थिनीने आठ आठवडे चौसष्ट विहिरींच्या पातळ्या मोजल्या आणि पाण्याच्या खोलीचा नकाशा तयार केला. पहिल्या नकाशात दिसलेला खळगा अकरा विहिरींच्या कठड्यांची उंची वजा न झाल्याने आला असावा, अशी शंका तिने स्वतःहून घेतली, त्या विहिरींवर परत जाऊन मोजणी केली आणि नऊ विहिरींबाबत ती शंका खरी ठरली. उरलेल्या दोन ठिकाणी तिने कारण अनिश्चित असल्याचे स्पष्ट लिहिले. दोन्ही नकाशे आणि क्षेत्रवही निम्नस्वाक्षरीकाराने तपासली आहे. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे उपकरण एके दिवशी प्रमाण द्रावणात १४१३ ऐवजी १५४० दाखवत असल्याचे आढळताच तिने त्या दिवसाची नऊ वाचने रद्द करून पुन्हा घेतली. सुरुवातीला मोजणीची वेळ नोंदवण्यात त्रुटी होती, ती दुसऱ्या आठवड्यानंतर राहिली नाही. पंपिंग चाचणीत तिने वाचने नोंदवली. विश्लेषण केलेले नाही. क्षेत्रातील मोजणी आणि आकड्यांची छाननी या कामासाठी तिची शिफारस निःसंकोच करण्यात येत आहे. अहवालाच्या लेखनात तिला काही काळ मार्गदर्शन लागेल.’

या परिच्छेदात एकही स्तुतिपर विशेषण नाही. विद्युतवाहकता म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे मोजमाप आणि १४१३ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर हे २५ अंश सेल्सिअसला उपकरण जुळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण द्रावणाचे मूल्य, हे भूजलातील वाचकाला ठाऊक असते. ते ठाऊक नसलेल्या वाचकालाही, उपकरण चुकते आहे हे तिने तपासून ओळखले आणि सोयीची वाचने ठेवून न देता रद्द केली, एवढे निश्चित कळते. शेवटच्या दोन वाक्यांत शिफारस कोणत्या कामासाठी आहे आणि कोणत्या कामासाठी अजून मदत लागेल हे वेगळे सांगितले आहे, म्हणून ती शिफारस खरी वाटते. कामाचा प्रसंग, त्यातली अडचण, विद्यार्थिनीने घेतलेला निर्णय, पर्यवेक्षकाने केलेली खातरजमा आणि शिफारशीची मर्यादा, एवढ्यात पत्र पूर्ण होते.

तेव्हा शिफारसपत्र हा निरोपाचा उपचार आहे, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. अनोळखी माणसाने विद्यार्थ्याच्या हाती काम सोपवावे की नाही याविषयी, ज्याने ते काम डोळ्यांनी पाहिले त्याने दिलेली ती साक्ष आहे, आणि साक्षीत पाहिलेले सांगायचे असते. आठ आठवडे उन्हात फिरून विहिरी मोजणाऱ्या, आपली चूक आपण शोधणाऱ्या आणि कळत नाही तिथे ‘कळत नाही’ लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला निघताना ‘मेहनती’ हा एक शब्द देणे म्हणजे तिचे कमावलेले काम तिच्याकडून काढून घेणे आहे. जो पर्यवेक्षक इंटर्नकडून आठ आठवड्यांचे काम घेतो त्याच्यावर ते काम नावानिशी, आकड्यानिशी आणि मर्यादेसह लिहून देण्याचे ऋण असते. ते फेडायचे नसेल तर त्याने शिफारसपत्रावर सही करू नये.